कसर लागू नये ना? मग कसर ठेवू नका!

माहीत आहे का? कपाट उघडल्यावर जो इवलासा सोनेरी पतंग फडफडत बाहेर येतो, त्यानं तुमच्या स्वेटरचा एक धागाही खाल्लेला नसतो. खाणार कसा? त्याला खाण्याजोगं तोंडच नाही! कोषातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत बिचारा उपाशी. काही आठवड्यांचं आयुष्य आणि अजेंडा एकच : लग्न.

मग ती भोकं? ती बाळलीला! मादी शालीच्या घडीत चाळीस-पन्नास अंडी घालून मोकळी होते. त्यातून निघतात पांढरट, तपकिरी डोक्याच्या अळ्या, आणि जेवणावळ सुरू. अळीचं हे बालपण दोन महिन्यांत आटोपतं. घर थंड असेल आणि जेवण बेताचं असेल, तर तेच दोन वर्षांपर्यंतही लांबतं. म्हणजे तुम्ही उडता पतंग टाळी वाजवून मारलात, तरी खरी टोळी आत घडीतच बसलेली असते.

आणि हो, रात्री ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगांना उगाच बोल लावू नका. लोकर खाणाऱ्या जातीला उजेडाचं वावडं आहे. त्यातल्या माद्या तर उडतातही कमी. कपाट उघडलं की त्या तुरुतुरु पळत घडीत घुसतात. पिठाच्या डब्यातून निघणारे पतंगही निराळे. त्यांना रवा-मैदा हवा, रेमंड-पश्मिना नको!

पोटात केमिस्ट्री लॅब

माहीत आहे का? लोकर पचवणं भल्याभल्यांना जमत नाही. लोकर म्हणजे केराटिन. आपले केस आणि नखं ज्याची, तेच हे प्रथिन. त्याचे रेणू गंधकाच्या टाक्यांनी एकमेकांना घट्ट शिवलेले असतात. आपल्या पोटाला हे टाके उसवत नाहीत. या अळीच्या आतड्यात मात्र इतका तीव्र अल्कली माहोल असतो की ते पटापट सुटतात. म्हणून लोकर, पश्मिना, पिसं, फर, केस, सगळं तिच्या मेन्यूत. पियानोच्या हातोड्यांवरचा लोकरी नमदासुद्धा! सुती आणि पॉलिएस्टर कपडे तिला पचत नाहीत. पण लोकरीची भेसळ असेल, तर लोकर शोधता शोधता ती तेही कुरतडून टाकते.

पण थांबा, खरी मेख पुढे आहे. निव्वळ स्वच्छ लोकरीवर ही अळी नीट वाढतच नाही! लोकरीत प्रथिन आहे, पण तिला हवी असलेली ब गटातली जीवनसत्त्वं आणि क्षार नाहीत. ते तिला मिळतात घामातून, सांडलेल्या चहातून, कॉलरवरच्या तेलकट पट्ट्यातून. मफलरचा मान घासणारा भाग, स्वेटरची काख, शालीचा खांद्यावरचा पट्टा : भोकं बहुतेकदा इथेच का पडतात, हे आता कळलं?

म्हणून माझ्या मते साठवणीतला एक नंबरचा नियम हाच. एकदाच घातलेला स्वेटरही न धुता आत ठेवायचा नाही. ‘फक्त लग्नात तासभर पांघरली होती’ ही सबब त्या शालीला वाचवत नाही.

डिझायनर अळी

या घराण्यात एक फॅशनेबल भावंडही आहे. ती खाल्लेल्या कपड्याच्याच तंतूंची झबल्यासारखी पिशवी विणते आणि ती अंगावर घेऊन फिरते. वाढली की पिशवीला नवी पट्टी जोडते. लाल लोकर खाल्ली की लाल पट्टी, निळी खाल्ली की निळी! रंगीत स्वेटरवर ती दिसत नाही, याचं कारण हेच. तिनं तुमच्याच स्वेटरचा ड्रेस घातलेला असतो.

आता तुमच्या घरातल्या भिंतीकडे बघा. बाथरूमबाहेर किंवा पंख्याच्या वरच्या कोपऱ्यात, राखाडी रंगाची, भोपळ्याच्या बीसारखी चपटी पिशवी लटकलेली दिसते? कोकणात आणि मुंबईत तर हमखास. बारकाईनं पाहत राहा, एका टोकातून डोकं बाहेर येईल. थोड्या वेळानं कदाचित दुसऱ्या टोकातून! पिशवी दोन्हीकडून उघडी असते आणि अळी आतल्या आत वळते. ही याच कुळातली. तिचा मुख्य आहार कोळ्यांची जुनी जाळी. पण लोकर समोर आली तर तिलाही ती नाही म्हणत नाही. झाडूनं जळमटं काढली की तिचं रेशन बंद. दिवाळीच्या साफसफाईला आता एक नवं कारण मिळालं की नाही!

दुसरा संशयित : कार्पेट बीटल

खिडकीच्या चौकटीत दोन-तीन मिलिमीटरचा, पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांचा गोलसर किडा दिसला, तर त्याला ‘काय गोड!’ म्हणून सोडून देऊ नका. मोठेपणी हा अगदी सात्त्विक. फुलांवर जातो, परागकण खातो. त्याची अळी मात्र केसाळ, पट्टेदार आणि भलतीच खादाड. ती लोकर खाते, रेशीम खाते, पिसं खाते, मेलेली झुरळंही खाते.

माहीत आहे का? याच कुळातले काही कीटक जगभरच्या संग्रहालयांत चक्क नोकरीला आहेत! प्राण्यांच्या सांगाड्यांवरचं मांस साफ करायला ते मुद्दाम पाळले जातात. हाडाला ओरखडा न काढता ते सगळं चाटूनपुसून देतात. त्याच म्युझियमच्या वस्त्रदालनात मात्र त्यांना सक्त मज्जाव.

चोर ओळखायचा कसा? पुरावा तो मागे ठेवतोच. भोकाजवळ रेशमी जाळं, बारीक नळ्या आणि कपड्याच्याच रंगाचे कण दिसले तर पतंगाची अळी. हे कण म्हणजे तिची विष्ठा. लाल शालीवर लाल विष्ठा, म्हणून ती रवाळ धूळ वाटते. जाळं नाही, पण पोकळ, केसाळ, तपकिरी कातींचा सडा दिसला तर बीटल. ही अळी वाढताना पुन्हा पुन्हा कात टाकते. त्यामुळे वीस काती म्हणजे वीस अळ्या नव्हेत. एवढं वाचून थोडं हायसं वाटेल!

पैठणीची केस वेगळी

आता येऊ या महाराणीकडे. रेशीमही प्रथिनच, पण त्याचं नाव फायब्रॉइन, आणि त्यात केराटिनसारखे गंधकाचे टाके जवळजवळ नाहीत. लोकरीसाठी सज्ज असलेल्या पतंगाच्या अळीला स्वच्छ रेशीम फारसं मानवत नाही. रेशमाला खरा धोका बीटलच्या अळीचा, आणि त्याहून जास्त डागाचा.

लग्नाच्या पंगतीत पदरावर श्रीखंडाचा थेंब पडला, आपण रुमालानं टिपला, डाग ‘गेला’. पण साखर आणि स्निग्ध अंश तिथेच राहिला. बीटलची अळी नेमकी तिथून सुरुवात करते. म्हणून पैठणी घडी करण्याआधी खिडकीजवळ धरा, उजेड बाजूनं पडू द्या आणि पदर हळूहळू तिरका करत पाहा. समोरून न दिसणारा डाग असा तिरका पाहिल्यावर चमकतो. तो सापडला की घरी चोळत बसू नका. जरीकामाची सवय असलेल्या ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग कशाचा आहे ते आवर्जून सांगा. ड्रायक्लीनिंगमध्ये अंडी-अळ्याही मरतात, हा बोनस!

साडी परत आली की प्लॅस्टिकचं कव्हर आधी काढून टाका. ते दुकानापासून घरापर्यंत येण्यासाठी असतं, कपाटात वर्ष काढण्यासाठी नाही. आणि ठेवणीतल्या साडीला खळ नको. खळीचा पिष्टमय थर सिल्व्हरफिशला बोलावतो, आणि तो आला की खळीसोबत धागाही खरवडतो.

आता या लेखातली माझी सगळ्यात लाडकी गंमत. पैठणी आणि लोकरी शाल एका गाठोड्यात ठेवता? नका ठेवू! अस्सल जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. चांदीचा वैरी गंधक. आणि लोकरीत तो भरपूर! दमट हवेत लोकरीतून गंधकाची संयुगं अगदी सूक्ष्म प्रमाणात बाहेर पडतात आणि जर काळवंडते. म्युझियमवाले चांदीच्या वस्तूंजवळ लोकरी नमदा ठेवत नाहीत, ते यासाठीच. घडीला रबरबँड लावणंही बंद करा, रबरातही गंधक असतो. सुती नाडी बांधा. लोकर एका खणात, जर दुसऱ्या खणात. सख्ख्या जावा, पण बिऱ्हाडं वेगळी!

पैठणीसाठी धुऊन मऊ झालेलं, बिनखळीचं पांढरं मलमल सगळ्यात छान. जर आतल्या बाजूला घ्या आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नवीन रेषेवर घाला. त्याच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडलेलं रेशीम आणि जर तिथेच तुटते, आणि आपण उगाच किड्यांना दोष देतो. शिवाय घडी मोडताना किडीवर नजरही फिरते. एका फेरीत दोन कामं.

डांबराच्या गोळ्यांचं गौडबंगाल

माहीत आहे का? कपाटाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या चार डांबरगोळ्या बहुतेकदा फक्त वास देतात! नॅप्थलीनची वाफ अळीला मारते, पण त्यासाठी ती पुरेशी दाट व्हावी लागते. ती दाट होते हवाबंद पेटीत. फटींच्या, रोज उघडल्या जाणाऱ्या कपाटात वाफ बाहेर पसरते आणि तिचा मुख्य ग्राहक होतो आपण. कपाटाला वास येतोय म्हणजे कपडे सुरक्षित, हा गैरसमज. वास येतोय म्हणजे औषध तुमच्या नाकात जातंय!

यातली गंभीर बाब नीट वाचा. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेलं झबलं किंवा ब्लँकेट गुंडाळलं, तर लाल रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आईचा पहिला स्वेटर बाळाला घालायचा ही मोठी हौसेची गोष्ट, पण तो डांबरगोळ्यांत ठेवलेला नसावा. रांगत्या मुलाच्या हाती गोळी लागली तर त्याला ती पेपरमिंट वाटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं नॅप्थलीनला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवलं आहे आणि युरोपीय संघानं या गोळ्यांची विक्री 2008मध्ये बंद केली. माझं मत स्पष्ट आहे : लहान मूल असलेल्या घरात या गोळ्या नकोतच.

जोडीला कापूर टाकून ‘डबल पॉवर’ करायला जाताय? अजिबात नको! डांबरगोळी आणि कापूर दोन्ही घन, पण एकमेकांना चिकटून राहिले की दोघांचा वितळणबिंदू खाली घसरतो आणि आपल्या उन्हाळ्यात ते मिश्रण चक्क पातळ होतं. खाली शाल असेल तर तिच्यावर डाग. कापूरही पोटात गेल्यास मुलांना झटके आणू शकतो, तेव्हा तो ‘नॅचरल’ म्हणून बिनधोक समजू नका.

मग वेखंड, कडुनिंब, लवंग? वेखंडाची पुरचुंडी ही आजीची जुनी ठेव आणि तिच्या वासाला कीटक दबकतात. पण पतंग दुसरीकडे वळवणं वेगळं आणि आत आधीच बसलेल्या अळ्या मारणं वेगळं. पुरचुंडी पहारेकरी आहे, पोलीस नाही. वास ओसरला की पहाराही संपला, म्हणून दर काही महिन्यांनी ती बदला. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवून, मलमलीच्या पिशवीतच ठेवा. ओला पाला थेट रेशमावर पडला तर दमटपणा आणि हिरवट डाग, दोन्ही फुकट.

फ्रीझरमध्ये शाल!

हो, खरंच! मटार शेजारी ठेवा आणि शाल आत सारा. म्युझियममध्ये किडीवर वापरला जाणारा हा नावाजलेला, बिनविषारी उपाय. समजा, मार्चमध्ये आवराआवर करताना आईच्या काश्मिरी शालीवर दोन भोकं दिसली. पुढे काय करायचं?

पहिली गोष्ट, शाल तिथेच झटकू नका. अंडी आणि अळ्या खोलीभर होतील. आहे तशी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड टेपनं बंद करा. मग वरून दुसरी पिशवी. फ्रीझरमध्ये ती सैल, पसरून ठेवा. गच्च गठ्ठा केला तर मधला भाग हळूहळू थंड होतो, आणि हळूहळू थंड होणाऱ्या कीटकाला गारठ्याची सवय करून घ्यायला सवड मिळते. आपल्याला हवा धक्का!

उणे 18 अंश आणि पूर्ण दोन आठवडे. ‘एक रात्र ठेवली होती’ यानं काही होत नाही. आणि इथे एक अडचण आहे. सिंगल डोअर फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा इतका थंड होतच नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा फ्रिज थर्मामीटर आत ठेवून खात्री करा. आकडा उणे 18पर्यंत जात नसेल तर वेळ दवडू नका, शाल ड्रायक्लीनिंगला द्या.

पंधरवड्यानं पिशवी बाहेर काढाल तेव्हा खरी परीक्षा असते, कारण उघडायचा मोह होतो. उघडू नका! थंडगार पिशवीवर बाहेरून घाम येतो. पिशवी बंद असेल तर तो बाहेरच राहतो, उघडली तर थेट लोकरीवर. चोवीस तास तशीच ठेवा. गोठलेली वस्तू ठिसूळ असते, म्हणून त्या वेळात दुमडू-दाबूही नका. मणी, टिकल्या किंवा काचकाम असलेली वस्त्रं या वाटेला नेऊच नयेत.

मग गच्चीत न्या, मऊ ब्रशनं घडीच्या रेषा, काठ आणि शिवणी झटका, लोकरीच्या लिक्विडनं गार पाण्यात हलके धुवा, सावलीत आडवी वाळवा. भोकं रफूवाल्याकडे. आणि शाल फ्रीझरमध्ये असताना तुम्ही? कपाट पूर्ण रिकामं! व्हॅक्यूम क्लीनरचं चपटं तोंड फळ्यांच्या सांध्यांत, खणांच्या खाली आणि मागच्या कोपऱ्यात फिरवा. व्हॅक्यूमची पिशवी त्याच दिवशी घराबाहेर रिकामी करा. कपाट साफ न करता शाल परत आत ठेवली, तर पाहुणे पुन्हा हजर.

ऊन दाखवा, पण कुणाला?

ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीवर घोंगड्या पसरायची आपली पद्धत एकदम शास्त्रशुद्ध. अळीला उजेड सोसत नाही, ती पळ काढते किंवा खाली गळते. झटकल्यानं अंडीही सुटतात. तापमान 55 अंशांना पोहोचलं आणि तासभर टिकलं तर सगळ्याच अवस्था मरतात, पण मोकळ्या उन्हात जाड घोंगडीच्या पोटात ते गाठेलच याचा भरवसा नाही. म्हणून ऊन आणि झटकणं ही जोडी. दोन्ही बाजू उलटा, शिवणी उन्हाकडे करा. पैठणीला मात्र ऊन नको! अतिनील किरणांनी रेशीम विटतं आणि ठिसूळ होतं. तिला सावलीतला वारा पुरे.

पेटी पॅक

लोकरीसाठी घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लॅस्टिक डबा उत्तम. मुहूर्त मात्र महत्त्वाचा. भर पावसाळ्यात डबा बंद केलात तर आत पावसाळाच कोंडला जातो आणि किडीऐवजी बुरशी लागते. मार्च-एप्रिलमधला कोरडा दिवस निवडा. धुतलेले कपडे पूर्ण वाळले, त्यातली ऊब निवाली, की मगच आत. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारे मणी घेतलेत तर ते दमले की स्वतःच कळवतात. निळे मणी गुलाबी झाले, की बदलायची वेळ झाली. पैठणी मात्र अशा डब्यात वर्षभर कोंडू नका. मलमलीत, कोरड्या लाकडी किंवा लोखंडी कपाटात, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा.

इतकं सगळं करूनही दरवर्षी बीटल येतच असतील तर? बाल्कनीत जा आणि एसीच्या मागे डोकवा. कबुतरांचं जुनं घरटं सापडतंय? पिसं, विष्ठा, मेलेली पिल्लं म्हणजे या किड्यांसाठी बुफे! कपाटांचा शोध लागण्याआधी ही मंडळी पक्ष्यांच्या घरट्यांत आणि प्राण्यांच्या बिळांतच राहायची. अंडी-पिल्लं नाहीत याची खात्री करून, मास्क आणि हातमोजे घालून घरटं ओलं करून काढा, म्हणजे धूळ उडणार नाही.

पतंगांसाठी चिकट फेरोमोन ट्रॅपही मिळतात. मादीच्या वासाला भुलून नर येतात आणि चिकटतात. पण अंडी घालणारी मादी आणि खाणारी अळी तिकडे फिरकतही नाहीत. म्हणून हा इलाज नव्हे, थर्मामीटर. दर आठवड्याला अडकलेले नर मोजा. आकडा चढला की घड्या उलगडायची वेळ आली!

आणि माहीत आहे का, इंग्लंडमधल्या ब्लिकलिंग हॉल या जुन्या वाड्यात गालिचे वाचवायला कुणाला आणलं? ट्रायकोग्रामाला! अर्धा मिलिमीटरची ही गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि तिथून पतंगाऐवजी नवी ट्रायकोग्रामा बाहेर पडते. नाव ओळखीचं वाटतंय? वाटणारच. आपल्याकडचे ऊस आणि कपाशीवाले शेतकरी खोडकिडा-बोंडअळीसाठी जी ट्रायकोकार्डं पानांना लावतात, त्यावर हिच्याच सख्ख्या बहिणी असतात. इंग्लंडच्या वाड्यातही तिची कार्डंच ठेवली गेली, फक्त पानांऐवजी खोल्याखोल्यांतून!